फुफाट्यातला हुरडा आणि वाळूतल्या शेंगा

हुरडा किती वेळ भाजायचा, असे कोणी विचारले की जाणती माणसे मिनिटे सांगत नाहीत, ती आधी कणीस मागून घेतात. त्यातला एखादा दाणा नखाने दाबून पाहतात आणि मगच बोलतात. यात टाळाटाळ नसते. भाजण्याचा काळ विस्तवावर जेवढा ठरतो, त्याहून अधिक तो दाण्यात उरलेल्या पाण्यावर ठरतो. हुरड्याचा दाणा ओला असतो आणि त्याला त्याच्याच पाण्यात शिजवायचे असते. वाळलेली भुईमुगाची शेंग याच्या अगदी उलट असते, तिच्यातले उरलेसुरले पाणी काढून टाकायचे असते. एकाला निखाऱ्यांवरची राख लागते आणि दुसरीला तापलेली वाळू, ते याच कारणाने.

रब्बीची ज्वारी पोटरीतून निसवली, फुलोरा झाला, की दाणा आधी दुधाळ होतो, मग चिकात येतो, मग हुरड्यात येतो आणि नंतर निबर होत जातो. दुधाळ दाणा दाबला तर पांढरे पाणी उडते. चिकात असलेल्या दाण्यातून दाट चीक बाहेर येतो आणि बोटांना चिकटतो. हुरड्यात आलेला दाणा नखाने दबतो, पण फुटून वाहत नाही, आत मऊ कणकेसारखा लागतो आणि चावल्यावर स्पष्ट गोड असतो. नखाची नुसती खूण उमटू लागली, की वेळ टळली असे समजावे. ही अवस्था आठ-दहा दिवसच टिकते, कारण दाण्यातल्या साखरेचा पिठूळ भाग होण्याचे काम या दिवसांत वेगाने चाललेले असते. सोलापूर, अहिल्यानगर, बीडकडे जानेवारीत पाहुण्यांना हुरड्याला बोलवायचे असेल, तर शेतकरी काही ओळी मुद्दाम मागेपुढे पेरतो, म्हणजे एका तुकड्यातला हुरडा निबर झाला तरी शेजारच्या तुकड्यातला हाती असतो.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो भाजणाऱ्याला ठाऊक असणे फार उपयोगाचे आहे. ज्वारीचे कणीस एकदम फुलत नाही. फुलोरा शेंड्याकडून सुरू होतो आणि चार-सहा दिवसांत खाली देठाकडे उतरत येतो. त्यामुळे एकाच कणसात शेंड्याचे दाणे वडीलधारे आणि देठाजवळचे धाकटे असतात. शेंड्यावर हुरडा उत्तम झालेला असताना बुडाशी अजून चीक असू शकतो, आणि बुडाशी हुरडा साधला असेल तर शेंडा निबरपणाकडे झुकलेला असतो. म्हणून कणीस निवडताना मधला दाणा पाहावा. शेंड्याचा पाहिला तर कणीस झाले असे वाटते, बुडाचा पाहिला तर अजून अवकाश आहे असे वाटते, आणि दोन्ही अंदाज फसतात.

वाणाचा प्रश्नही इथेच येतो. भाकरीसाठी मालदांडीसारखी ज्वारी नाही, पण हुरड्यासाठी माणसे गुळभेंडी, सुरती किंवा कुचकुची शोधतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा आणि फुले मधुर असे खास हुरड्याचे वाणही दिले आहेत. या वाणांचे दाणे गोड असतात हे सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे लक्षण, की भाजल्यावर त्यांचा दाणा बोंडातून चटकन सुटतो. मालदांडीच्या चिवट बोंडातून हुरडा काढताना हाताची साले निघतात, आणि दाणा सुटेपर्यंत तो गारही होतो. भाकरीच्या वाणाचा हुरडा चवीला वाईट नसतो, चोळणाऱ्याला मात्र तो नकोसा होतो.

आता आगटीकडे येऊ. हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्यात शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या उभ्या-आडव्या रचायच्या आणि पेटवायच्या. लाकूड का नको, याला कारण आहे. लाकडाची ज्वाळा उंच उठते, काजळी धरते, निखारे लहान-मोठे होतात आणि तडतडतात. गोवरी शांतपणे जळते, तिचा निखारा जळून गेल्यावरही बराच वेळ आकार धरून राहतो आणि त्यावर भरपूर हलकी राख साचते. ही राखच हुरड्याचे खरे भांडे आहे. उघडा रसरशीत इंगळ इतका तापलेला असतो की त्याला टेकलेले बोंड क्षणात काळे पडते. राखेतून उष्णता सावकाश जाते, शिवाय तिच्यात हवा अडकलेली असते, त्यामुळे निखाऱ्याची धग ती मऊ करून चारही बाजूंनी कणसाला देते. निखारे आणि गरम राख यांच्या या मिश्रणाला आमच्याकडे फुफाटा म्हणतात.

घाई इथेच होते. पाहुणे बसलेले असतात, गोवऱ्या अजून धुरकटत असतात, आणि कोणीतरी कणसे आत सारतो. अशा हुरड्याला धुराचा कडवट वास लागतो आणि दाणा वरून काळा, आतून कच्चा राहतो. पेटवल्यापासून साधारण अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. ज्वाळा पूर्ण बसलेली असावी, धूर थांबलेला असावा, गोवऱ्यांवर पांढुरकी राख धरलेली असावी आणि काठीने ढोसल्यावर आतून लाल निखारा दिसावा. वीतभर उंचीवर तळहात धरला तर दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला पाहिजे. तो खुशाल धरून ठेवता येत असेल तर आगटी मंद झाली आहे आणि कणीस भाजण्याऐवजी वाळत जाईल. हात तिथे नेववतच नसेल तर वरून आणखी राख ओढून घ्यावी.

एका खेपेला पाच-सहा कणसांहून अधिक घालू नयेत. ओली कणसे म्हणजे पाणीच असते. हुरड्याच्या दाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते, आणि एकदम डझनभर कणसे लोटली तर ती सगळी मिळून फुफाट्याची धग पिऊन टाकतात. कणीस तोडतानाच वीत-दीड वीत धांडा ठेवलेला असावा, तोच पुढे मूठ म्हणून उपयोगी पडतो. कणीस फुफाट्यात तिरपे सारायचे, वरून थोडी गरम राख ओढायची आणि धांडा बाहेर ठेवायचा. पहिले मिनिटभर काही घडत नाही असे वाटते. मग बारीक सूंऽ असा आवाज येऊ लागतो, तो दाण्यातल्या पाण्याची वाफ बोंडाच्या फटीतून निसटत असल्याचा असतो. हा आवाज सुरू झाला की धांडा धरून कणीस पाव वळसा फिरवायचे, थोड्या वेळाने पुन्हा पाव वळसा. फिरवणे थांबले की खालची बाजू करपते, कारण वाफ वरच्या बाजूने निघून जात असते आणि खालची बाजू निखाऱ्याला टेकून कोरडी पडलेली असते.

शेंड्याचे दाणे जून असतात हे वर सांगितले, ते इथे कामी येते. जून दाण्यात पाणी कमी, म्हणून तो आधी होतो आणि आधीच करपतो. मी पहिली दोन मिनिटे पूर्ण कणीस राखेत ठेवतो आणि नंतर ते पुढे सारून शेंडा निखाऱ्यांच्या पलीकडे काढतो, म्हणजे बुडाचे ओले दाणे मधल्या धगीवर येतात. आगटी चांगली असेल तर एकूण तीन ते पाच मिनिटांत कणीस होते. पण मिनिटांपेक्षा आवाजावर भरवसा ठेवावा. सूं असा सलग आवाज चालू आहे तोवर दाण्यात भरपूर पाणी आहे. आवाज तुटक झाला, एखादा दाणा टक् करून फुटला आणि कच्च्या हिरव्या वासाच्या जागी उकडलेल्या मक्यासारखा गोड वास आला, की कणीस लगेच काढावे. पाणी शिल्लक आहे तोवर दाण्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर फारसे जात नाही, म्हणून आतला गर पांढरा-हिरवा आणि मऊ राहतो. तो तपकिरी झाला तर पाणी संपले होते, म्हणजे हुरडा भाजून झाल्यावरही आगटीत राहिला होता. असा दाणा दाताखाली चिवट लागतो आणि कितीही चटणी लावली तरी त्याची गोडी परत येत नाही.

कणीस बाहेर आले की एका माणसाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते. ते लगेच चोळायला हवे. आगीने बोंड कोरडे ठिसूळ झालेले असते आणि आतला दाणा वाफेने टरारलेला असतो, त्यामुळे या क्षणी दोघांची पकड सर्वांत सैल असते. दोन-तीन मिनिटे थांबले की बोंड वाफेने पुन्हा मऊ होते, दाणा आक्रसतो आणि चिकटून बसतो. सराईत हात गोणपाटाच्या तुकड्यात कणीस धरून दोन्ही तळव्यांत पिळल्यासारखे चोळतात आणि दाणे सुपात पाडतात. जोर मनगटातून द्यायचा नसतो, तळव्याच्या खालच्या उशीने द्यायचा असतो. बोटांनी ओरबाडले की दाणे चेंगरतात आणि सगळा लगदा होतो. मग सूप दोन-चारदा पाखडायचे, म्हणजे राख, कोंडा आणि बारीक कूस उडून जाते. कूस नीट गेली नाही तर घशाशी खवखवते. एका चांगल्या कणसातून मूठ-दीड मूठ हुरडा निघतो, आणि तो ज्याच्या हातात पडेल त्याने तो तिथेच, लसणाच्या किंवा जवसाच्या चटणीबरोबर खाऊन टाकावा. शिजलेला पिठूळ दाणा गार झाला की कडक होत जातो. शहराजवळच्या काही ठिकाणी सकाळी भाजून ठेवलेला हुरडा दुपारी तव्यावर परतून वाढतात. त्याला तूप-मीठ लावले तर तो खाण्यासारखा लागतो, पण ती हुरड्याची उसळ झाली.

हरभऱ्याच्या घाट्यांना मात्र हा फुफाटा मानवत नाही. घाटा फुगीर असतो, दाण्याभोवती हवेची पोकळी असते, आणि राखेच्या मंद धगीत ती पोकळी तापायला इतका वेळ लागतो की दाणा शिजण्याआधी साल चामट होते. म्हणून हावळा ज्वाळेवर करतात. घाट्यांनी लगडलेले डहाळे तुराट्यांच्या किंवा पाचटाच्या भरभरत्या जाळावर आडवे टाकायचे आणि काठीने उलटायचे. पाने क्षणात जळतात, त्यांच्यावरची आंबट आंबही जळते, घाटे फट् फट् फुटतात आणि देठ जळाल्यावर राखेत गळून पडतात. दोन मिनिटांत खेळ आटोपतो. यात काळ्या पडलेल्या सालीला भिऊ नये, दाणा आत हिरवाच असतो. घाटा मात्र पुरता भरलेला हवा. दाणा धरायच्या आधीचे पोचट घाटे जाळात टाकले तर नुसती काजळी हाती लागते.

भुईमुगाची गोष्ट निराळी आहे, आणि तिच्यात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने वावरतात. नुकत्याच उपटलेल्या ओल्या शेंगा हुरड्याच्या भावंडांत मोडतात. त्यांत भरपूर पाणी असते, त्या फुफाट्यात पुराव्यात किंवा मिठाच्या पाण्यात उकडाव्यात. त्या वाळूत घालणे हा शुद्ध आडमुठेपणा आहे, कारण ओलसर टरफलाला वाळू चिकटते आणि सोलताना दाण्यावर येते. वाळूत घालायची ती वाळलेली, हलवल्यावर खुळखुळणारी शेंग. साठवणीतल्या दाण्यात सात-आठ टक्केच पाणी असते, आणि भाजून ते दोन टक्क्यांच्या आत आणायचे असते. खमंग वास आणि तांबूस रंग ते पाणी गेल्यावरच येतात, कारण तेव्हाच दाणा 100 अंशांच्या वर चढू शकतो. एवढी कोरडी वस्तू निखाऱ्यावर टाकली तर तिला वाचवायला आत वाफ नसते. टरफल पेटते आणि दाणा एका बाजूने जळतो.

वाळू इथे उष्णता वाटून देण्याचे काम करते. रिकाम्या कढईत शेंग दोन-तीन ठिकाणीच लोखंडाला टेकते, वाळूत ती सगळीकडून टेकते. पण वाळूचे एक वैगुण्य आहे. कोरडी वाळू स्वतः उष्णतेची मोठी कंजूष आहे. कढईच्या तळाची वाळू भयंकर तापलेली असते आणि चार बोटे वरची कोमट राहते. म्हणजे वाळूने सारखे भाजले जाते असे आपण म्हणतो, ते वाळूमुळे होत नाही, झाऱ्यामुळे होते. भडभुंज्याच्या भट्टीपुढे उभे राहून पाहिले तर त्याचा हात एकदाही थांबलेला दिसत नाही. झारा तळाला घासत खालची वाळू वर आणतो आणि शेंगा तिच्याखाली दडपतो. नुसते गोल फिरवणे पुरत नाही, खालचे वर करावे लागते.

घरी करायचे तर नदीची वाळू घ्यावी आणि चाळावी. ती रव्याहून जाड आणि मोहरीहून बारीक असावी. फार बारीक वाळू टरफलाच्या जाळीत अडकते, फार जाड वाळूत फटी राहतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ती धुवावी, वाळवावी आणि एकदा नुसतीच तापवून घ्यावी, म्हणजे मातीचा वास जातो. पाव किलो शेंगांना दोन किलो वाळू लागते. हे प्रमाण ऐकून लोक हसतात, पण शेंगा वाळूत दिसेनाशा झाल्या पाहिजेत. वाळू कमी पडली तर शेंगा घातल्याबरोबर ती थंड होते आणि नंतरचा सगळा वेळ ती पुन्हा तापवण्यात जातो. शेंगा निवडतानाही फुटलेल्या बाजूला काढाव्यात. टरफलाला चीर असेल तर वाळू आत शिरते आणि दाताखाली कचकचते. बुरशीच्या किंवा काळ्या डागांच्या शेंगा फेकून द्याव्यात. बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही, आणि एखादा दाणा कडू लागला तर तो गिळूही नये.

जाड लोखंडी कढईत वाळू मध्यम आचेवर दहा मिनिटे, अधूनमधून खालीवर करत तापवावी. ती किती तापली हे कळण्यासाठी मी ज्वारीचे चार वाळलेले दाणे टाकतो. ते पडल्या पडल्या तडतडले किंवा काळवंडले तर ती लाह्यांची वाळू झाली, शेंगांसाठी ती जास्त तापली आहे. आच कमी करून मिनिट-दोन मिनिटे ढवळावी. दाणे जरा वेळाने रंग बदलू लागले तर ठीक आहे. मग शेंगा घालाव्यात आणि हात थांबवू नये. पहिली तीन-चार मिनिटे मातकट ओलसर वास येतो, तो टरफलातल्या ओलाव्याचा असतो. नंतर काही काळ वास जवळजवळ येतच नाही, आणि काही होत नाही असे वाटून माणूस आच वाढवतो. ती वाढवू नये. या काळात उष्णता टरफल आणि आतली हवा ओलांडून दाण्यापर्यंत पोचत असते, आणि आच वाढवली तर टरफल जळते, दाणा मात्र तितकाच मागे राहतो. दहाव्या मिनिटाच्या सुमारास दाण्याचा वास येऊ लागतो. तिथून दर मिनिटाला एक शेंग काढून फोडून पाहावी.

ही पारखच सर्वांत अवघड आहे, कारण गरम दाणा खोटे बोलतो. तो पूर्ण भाजला असला तरी गरम असताना मऊच लागतो, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. कुरकुरीत लागेपर्यंत वाट पाहिली तर खेप करपलीच म्हणून समजावे. म्हणून काढलेली शेंग फुंकून गार करावी, दाणा अंगठ्याने चोळावा आणि तीन गोष्टी पाहाव्यात. तांबडे साल सहज निसटते का, दाण्याचे दोन भाग हलक्या दाबाने सुटतात का, आणि आतल्या बाजूचा रंग पांढऱ्यावरून फिकट मलईकडे गेला आहे का. आतला रंग स्पष्ट बदामी दिसेपर्यंत थांबू नये. टरफलाच्या आत उष्णता कोंडलेली असते आणि शेंगा बाहेर काढल्यावरही दाणा काही मिनिटे भाजतच राहतो, म्हणून रंग हवा त्याच्या एक पायरी आधी त्या उतरवाव्यात. माझ्या कढईवर हे बारा ते पंधरा मिनिटांत होते. पातळ कढई, मोठ्या किंवा लहान शेंगा, जुने किंवा नवे दाणे, याने दोन-तीन मिनिटांचा फरक सहज पडतो.

उतरवणे म्हणजे गॅस बंद करणे नव्हे. तापलेली वाळू गॅस बंद झाल्यावरही शेंगांना भाजतच राहते, कधी कधी चांगली दहा मिनिटे. चाळणी आणि पसरट परात आधीच तयार ठेवावी, कढई थेट चाळणीवर उलटावी, वाळू खालच्या लोखंडी भांड्यात पडू द्यावी आणि शेंगा परातीत एका थरात पसराव्यात. त्यांचा ढीग केला तर मधल्या शेंगा एकमेकींच्या उष्णतेने करपतात आणि वरून निघालेली वाफ पुन्हा टरफलात मुरून त्या मऊ पडतात. हातगाडीवरचा शेंगवाला ढिगात निखाऱ्याचे मडके ठेवतो ते चालते, कारण त्याच्या शेंगा आधीच भाजून, गार होऊन आलेल्या असतात आणि मडक्याची धग त्यांना नुसती कोमट व कोरडी ठेवण्याइतकीच असते.

खाली पडलेली वाळू फेकू नये. पहिल्या काही खेपांना तिच्यातून टरफलाचा बारीक चुरा निघतो, तो चाळून काढावा, नाहीतर पुढच्या खेपेला तोच जळून धुराचा वास देतो. पुढे वाळू काळपट होत जाते. तो रंग चांगला असतो, धुऊन घालवू नये. ओल मात्र तिला लागू देऊ नये. ओली वाळू तापताना आधी वाफ सोडते, आणि ती पूर्ण थांबेपर्यंत शेंगा घातल्या तर त्या भाजण्याऐवजी उकडतात. पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवलेली वाळू वर्षानुवर्षे चालते, फक्त पावसाळ्यात प्रत्येक खेपेपूर्वी ती पाच मिनिटे जास्त तापवावी लागते.